उंबऱ्यावरचं मागणं

आमच्या नव्या फ्लॅटला उंबरा नव्हता. बिल्डरने सातव्या मजल्यापर्यंत लिफ्ट दिली, गॅसचा पाइप दिला, दाराला डोळा दिला, पण उंबरा दिला नाही. लॉबीतली फरशी तशीच सरळ आत येते आणि हॉल सुरू होतो. चाळ पाडून इमारत झाली, त्यानंतर चार वर्षं मला याचं काही वाटलं नव्हतं. धाकट्या भावाचं लग्न ठरलं आणि मी दारात उभी राहून खाली बघितलं, तेव्हा ते पहिल्यांदा खटकलं. कारण ओवीत उंबरा होता.

ही ओवी आमच्या आईची. घाटकोपरच्या चाळीत कुठल्याही घरात नवी सून येणार असली की आईला बोलावणं यायचं. ती दाराच्या आत भिंतीला टेकून उभी राहायची आणि सुनेला एकेक ओवी म्हणत आत घ्यायची. वडील गिरणीतून दमून आलेले असले तरी त्या दिवशी स्वतःचा चहा स्वतः करून घ्यायचे. आई मालवणकडची. बोलणं तिखट, गळा मात्र गोड. तिच्यानंतर ते काम माझ्याकडे आलं. मी शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. शाळेतल्या जुन्या पेपरांच्या पाठकोऱ्या बाजूवर आजवर निदान पन्नास सुनांच्या ओव्या लिहिल्या असतील.

लोकांना वाटतं, यमकं जुळवली की झालं. तसं नाही. या ओवीची एक रीत आहे. पहिले तीन चरण सारख्या लांबीचे आणि एका यमकाचे, चौथा तोकडा. तो तोकडा का, हे आईने मला दाखवून शिकवलं होतं. तीन चरण होईपर्यंत सून नुसती ऐकते. चौथ्याला गाणारी लवकर थांबते आणि त्या मोकळ्या जागेत सुनेने करायचं ते करायचं असतं. पाऊल उचलायचं, वाकायचं, हात जोडायचे. ओवी संपते, कृती होते, मग पुढची ओवी. त्यामुळे घाबरलेल्या मुलीलाही कुणी "आता हे कर, आता ते कर" असं ओरडून सांगावं लागत नाही. ओवीच तिला हाताला धरून आणते.

दुसरी रीत जास्त कडक. आई म्हणायची, "खोटां गावचां नाय. जां म्हटलां, तां देवचां." म्हणजे स्वागताच्या ओवीत जे नाव घेशील ते घरात असलं पाहिजे, आणि जे 'तुझं' म्हणशील ते खरंच दिलं पाहिजे. म्हणून मी लग्नाच्या एक-दोन दिवस आधी त्या घरी जाते. दार बघते, ओटा बघते, देव कुठे आहेत ते बघते. चारकोपच्या एका बाईंना सोन्याचा उंबरा आणि चांदीची चूल हवी होती. मी विचारलं, कुठे आहे दाखवा. त्या रागावल्या आणि त्यांनी मोबाइलवरून काहीतरी उतरवून म्हटलं. गोवंडीला मात्र एका बाईंनी मला दारातच सांगितलं की घर एका खोलीचं आहे, स्वयंपाकघर वेगळं नाही, तेवढं झाकून घ्या. मी झाकलं नाही. त्यांच्या सुनेसाठी लिहिलं,

पडद्यामागे चूल आहे,
खिडकीतून ऊन वाहे,
सासू वाट तुझी पाहे
चहा घेऊन.

सासूने खरंच पडद्यामागून चहाचा कप आणला आणि ती मुलगी उंबऱ्यावरच रडायला लागली. बरं वाटून रडली. तेव्हापासून मी आईची रीत कुणासाठी मोडलेली नाही. आणि आता माझ्याच घरात मोडायची वेळ आली होती.

उंबऱ्याचं सोपं होतं, तो बसवता येतो. खरी अडचण स्वयंपाकघराची होती. आईची शेवटची ओवी अशी आहे,

चूल तुझी, ताट तुझं,
मीठ तुझं, पीठ तुझं,
आजपासून सारं तुझं
स्वयंपाकघर.

ही ओवी म्हणायचा मान त्या घरातलं स्वयंपाकघर जिच्या हातात आहे, तिचा. एरवी ती सासू असते. आमच्याकडे ती मी. आई गेली तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि भाऊ पंधराचा. वडील त्याआधीच गेले होते. तेव्हापासून बावीस वर्षं तो ओटा माझा आहे. लग्न राहून गेलं. कुणासाठी त्याग वगैरे केला नाही मी, उगाच कुणी हळहळू नये. दोन स्थळं आली, ती मला आवडली नाहीत, मग आली नाहीत. स्वयंपाकघर मात्र होतं. कोकम कुठल्या बरणीत, नारळ किती वाटायचा, भाकरीचं पीठ कधी संपणार, हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. शाळेत मला कुणी विचारत नाही. त्या चार कप्प्यांत माझ्याशिवाय पान हलत नाही.

आणि म्हणायचं काय, तर सारं तुझं.

लग्नाआधी महिनाभर मामी मुलुंडहून येऊ लागली. मामी मनाने वाईट नाही, पण तिला प्रत्येक माणसाची जागा ठरवून द्यायची सवय आहे. भाजी निवडता निवडता तिने मला सुचवलं की नव्या नवरानवरीला मोकळीक हवी, एकच बेडरूम आहे, तू हॉलमध्ये झोपणार, ते त्यांनाही अवघड आणि तुलाही. तिच्याकडे मागची खोली रिकामी आहे. तू ये माझ्याकडे, शाळेला गाडीने काय, वीस मिनिटं. मी मटार सोलत राहिले. पण त्या दिवशी मटारात साली गेल्या.

पुढच्या खेपेला तिने दाराचं ठरवून टाकलं. सून दारात आली की नवऱ्याची बहीण आडवी उभी राहते, ही पद्धत सगळ्यांना माहीत आहे. ती विचारते, तुझी लेक माझ्या लेकाला देशील का? सून हो म्हणते, नवऱ्याचं नाव घेते, मग वाट सुटते. लहान कुमारी बहीण असली तर पुढच्या आशेवर विचारते आणि सगळे हसतात. मामीचं म्हणणं असं की एकोणपन्नासाव्या वर्षी मी हे विचारलं तर कुणाला हसावं की नाही ते कळणार नाही. त्यापेक्षा माझी मामेबहीण दार अडवेल, तिला मुलगा आहे. स्वयंपाकघराची ओवी मामी स्वतः म्हणेल. मी लिहून दिलं की झालं. तिने हे सगळं प्रेमाने सांगितलं, म्हणून जास्त लागलं.

भावाला मी विचारलं. तो मोबाइलमधून वर न बघता म्हणाला, "ताई, जाऊ दे ना. कोण उभं राहिलं त्याने काय फरक पडतो?"

फरक पडत होता. मामेबहीण दारात आणि मामी ओट्याशी उभी राहिली असती, तर त्या घरात मी कुठे उभी राहणार होते? लॉबीत, पाहुण्यांच्या चपला नीट लावत? त्या दिवसापासून पुढे मी कुठली, हे त्या अर्ध्या तासात ठरणार होतं. मला ते दिसत होतं, बाकी कुणाला दिसत नव्हतं किंवा दिसून चालणार नव्हतं. त्या दुपारी मी ठरवलं. दारात मी उभी राहणार. ओवी मी म्हणणार. आणि जे म्हणेन ते खरं असणार.

आधी सुतार गाठला. तो म्हणाला, हल्ली उंबरा कुणी बसवत नाही, ग्रॅनाइटची पट्टी चिकटवून देतो, अर्ध्या तासाचं काम. मी म्हटलं, पट्टीवर माप कसं उभं राहणार? नवी सून तांदळाने भरलेलं माप उजव्या पायाने आत लवंडते, ते माप ठेवायला रुंद लाकूड लागतं. मग तो म्हणाला, साधं लाकूड घालतो, रंग दिला की सागवानच दिसेल. मी त्याला ओवी म्हणून दाखवली.

उंबरा हा सागवानी,
शिंपडलं दूध-पाणी,
उजवं पाऊल, राणी,
आत टाक गं.

तो म्हणाला, बाई, ओवीतला शब्द बदला की. मी म्हटलं, तुम्ही लाकूड बदला. चार दिवसांनी तो सागाची चार बोटं रुंद फळी घेऊन आला. दार खालून कापावं लागलं, ते उतरवून त्याने जिन्यात आडवं ठेवलं आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी तेवढ्यात येऊन विचारलं की परवानगी घेतली का. मी त्यांना फळी आमच्या चौकटीच्या आत आहे, लॉबीत केसभरही नाही, हे पट्टीने मोजून दाखवलं. भावाचं ते जमिनीवर गोल फिरणारं झाडूयंत्र त्याच दिवशी उंबऱ्याला धडकून उलटलं. त्याने ते नुसतं सुलटं केलं. मला त्या फळीकडे बघून फार समाधान वाटलं.

शेवटच्या ओवीशी मात्र मी पंधरा दिवस झगडले. 'चूल तुझी'च्या जागी 'चूल आपली' घालून बघितलं. 'सारं तुझं'च्या जागी 'तुझं-माझं' घालून बघितलं. यमक बसत होतं, चाल बसत होती, पण वाचताना माझीच मला लाज वाटायची. दारात पाय ठेवायच्या आधीच मुलीशी वाटण्या करायला निघाल्यासारखं होतं ते. आईने माझ्या जागी काय केलं असतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. तिने सारं दिलं असतं आणि मग जे हवं ते तोंडाने मागितलं असतं. आईला मागायची लाज कधी वाटली नाही, तिला फक्त खोटं बोलायची वाटायची.

तिथे मला वाट दिसली. शेवटच्या ओवीत द्यायचंच असतं, तिथे हात आखडता येत नाही. पण दार अडवणारीने मागायचंच असतं. तो तिचा हक्क आहे आणि तिने काय मागावं हे काही दगडावर कोरलेलं नाही. बाकीच्या लेक मागतात, कारण त्यांना लेकासाठी हवी असते. मला जे हवं ते मी मागणार. ते मी एका दमात लिहिलं, पेपरच्या मागे, आणि कुणाला दाखवलं नाही. मामीला एवढंच सांगितलं की दारात मी आहे, औक्षण आणि भाकरतुकडा तुझ्याकडे. तिने तोंड वाकडं केलं. मी तिला आवडते ती सोलकढी करून घातली आणि विषय बंद केला.

मुलगी कोळ्यांची. वेसाव्याच्या बाजूचं घर, आई अजून पहाटे बंदरावर जाऊन मासे आणते आणि बाजारात टोपली लावते. मुलगी अंधेरीला ऑफिसात आहे. पहिल्या भेटीत तिने माझी बांगड्याची आमटी खाल्ली आणि विचारलं, ताई, यात खोबरं का घातलंत, माशाची चव मरते. एवढं तोंडावर मला बावीस वर्षांत कुणी बोललं नव्हतं. मी हसले, पण ती गेल्यावर पातेलं जरा जोरात घासलं. तर अशा मुलीच्या हातात मी माझं मीठ-पीठ द्यायला निघाले होते.

लग्न सकाळच्या मुहूर्ताचं. दुपारी तीनला वरात घरी आली. म्हणजे लिफ्टने आली, चार-चार माणसं करून, आणि नवरानवरी शेवटच्या फेरीला. सातव्या मजल्याच्या लॉबीत पाय ठेवायला जागा नव्हती. सागाच्या उंबऱ्यावर मी हळदीकुंकवाची बोटं ओढली होती, मधोमध आईचं पितळी माप तांदळाने शिगोशीग भरून ठेवलं होतं. आत देवापर्यंत पांढरं मांजरपाट अंथरलं होतं. कुंकवाची पावलं उमटवायला तर ते लागतंच, पण या नव्या फरशीवर ओल्या पायाने मुलगी घसरली असती, म्हणून मी त्याच्या कडा चिकटपट्टीने बसवल्या होत्या. लिफ्टचं दार उघडलं आणि मी पहिली ओवी घेतली.

वाट लांबची चालली,
दमली गं, घामेजली,
दृष्ट कुणाची लागली,
टाकते काढून.

चौथ्या चरणाला मामीने दोघांवरून भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या ओवाळला. चाळीत तुकडा बाजूला भिरकावायचे, इथे लॉबीत तो कुणाच्या तरी दारात पडला असता. मामेबहिणीच्या मुलाला आधीच सांगून ठेवलं होतं, तो तुकडा घेऊन गच्चीवर कावळ्यांना टाकायला पळाला. मामीने पायांवर दूध-पाणी घातलं, डोळ्यांना पाणी लावलं, औक्षण केलं. मग ती बाजूला झाली आणि मी दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभी राहिले.

मला वाटतं, मामीने काही जणींना आधीच डोळ्यांनी खुणावलं असावं. कुणीतरी मागून हळूच हसलंही. मी चौकट आणखी घट्ट धरली. मी मुलीकडे बघितलं आणि म्हटलं,

लेक नको, नको दान,
नको साडी, नको मान,
एक पाट, एक पान
ठेवशील का?

चौथा चरण तोकडा पडला आणि पुढची मोकळी जागा तिची होती. तिने हो म्हणायचं, की संपलं. साधी गोष्ट. ती मुंडावळ्यांतून माझ्याकडे बघत राहिली. भावाचं तोंड उतरलं, त्याला तेव्हा कुठे कळलं असावं मी काय विचारलंय ते. मामीने माझ्या कोपराला हात लावला. मला एकदम वाटलं, चुकलं. सगळ्या बिऱ्हाडांसमोर मी या कालच्या मुलीपुढे ताटाची भीक मागितली, आणि ती नाही म्हणणार.

ती म्हणाली, "ताई, याचं उत्तर आत आल्यावर देते."

दारात उत्तर न देणारी सून मी आजवर बघितलेली नाही. लॉबीत कुजबूज झाली. पण अडवलेलं दार धरून किती वेळ उभी राहणार? उत्तर देते म्हणाली, नाही तर म्हणाली नव्हती. मी हात काढले. तिने खणखणीत आवाजात उखाण्यात त्याचं नाव घेतलं, त्या नावाचं इथे काम नाही. मी उंबऱ्याची ओवी म्हटली. 'आत टाक गं' झालं आणि तिने उजव्या पायाच्या अंगठ्याने माप अलगद आत लवंडलं. लाथाडलं नाही, ढकललं नाही. तांदूळ सरळ आतल्या बाजूला सांडले, बाहेर एक दाणा नाही. ओवीतला उंबरा तिच्या पायाखाली खरा होता, एवढ्या गोंधळातही मला ते बरं वाटलं. कुंकवाच्या ताटात पाय बुडवून ती मांजरपाटावरून देवापर्यंत गेली. देवाची ओवी झाली. मग ओटा.

आमच्याकडे मीठ हातोहात देत नाहीत, भांडण लागतं म्हणतात. म्हणून स्वयंपाकघर देताना मिठाची बरणी ओट्यावर ठेवायची, देणारीने ओवीच्या चौथ्या चरणाला हात काढून घ्यायचा, आणि घेणारीने मग ती उचलायची. मी वरच्या फळीवरून बरणी काढली. चिनीमातीची, झाकणाला दोरी बांधलेली. ओट्यावर ठेवली आणि वर हात ठेवून म्हणू लागले. चूल तुझी, ताट तुझं. मीठ तुझं, पीठ तुझं. आजपासून सारं तुझं. मला तो हात काढायचा नव्हता. हे मी आज स्वच्छ लिहिते. त्या क्षणी मला ती मुलगी नको होती, लग्न नको होतं, बरणी हवी होती. स्वयंपाकघर, असं म्हटलं आणि हात काढला.

तिने बरणी उचलली नाही.

तिने मला विचारलं, "म्हणजे आता हे सगळं माझं? तुम्ही म्हटलंत म्हणजे दिलंत?"

भावाने तिला आईची रीत कधीतरी सांगितली असणार. मी हो म्हटलं. मामी दारातून मान वाकडी करून बघत होती.

"मग इथे कोण राहणार, ते मी ठरवणार. पाट-पान पाहुण्यांना ठेवतात, ताई. घरातल्या बाईला कामाला लावतात. मला भाकरी थापता येत नाही, आणि सोमवारी डबा लागणार आहे. सकाळी सहाला मला उठवा."

आणि तिने बरणी उचलली.

मी तिथे रडले नाही. मांजरपाट गोळा करायच्या निमित्ताने हॉलमध्ये गेले, चिकटपट्टी काढत बसले आणि तिथे रडले. मामीने येऊन दुसऱ्या बाजूची पट्टी काढायला सुरुवात केली. ती म्हणाली की मुलगी फटकळ आहे. मी म्हटलं, हो. मुलुंडच्या खोलीबद्दल ती पुन्हा बोलली नाही.

सोमवारी सहाला मी तिला उठवलं. पहिली भाकरी तिने अशी थापली की तिचे तीन तुकडे झाले, ते आम्ही दोघींनी उभ्या उभ्या चहाबरोबर खाल्ले. आता वर्ष होईल. बांगड्याची आमटी तिच्या दिवशी बिनखोबऱ्याची होते आणि माझ्या दिवशी खोबऱ्याची. भाऊ दोन्ही दिवशी छान म्हणतो, त्याला तेवढी अक्कल आली आहे. उंबऱ्याला आम्हा तिघांचीही बोटं ठेचकाळून झाली आहेत आणि इमारतीतल्या दोन घरांनी त्याच सुताराला बोलावून उंबरा बसवून घेतला आहे. बायका माझ्याकडे ओव्या मागायला येतात तेव्हा दाराशी ती त्यांना बजावते, ताई घरी येऊन सगळं बघणार हां, खोटं काही चालणार नाही.

पण दिलं म्हणजे दिलं, हेही खरं आहे. त्या दुपारी तिने बरणी उचलली ती वरच्या फळीवर परत ठेवली नाही. तिचा हात तिथवर पोचत नाही. तिने ती खालच्या कप्प्यात, शेगडीच्या उजवीकडे ठेवली. मी बघत होते. अजूनही मीठ हवं असलं की माझा हात आधी वर जातो. रिकाम्या फळीला लागतो, मग मी खाली वाकते.